वाडीतील लहान वाचनालय : पुस्तक फिरते कसे राहील?

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



वाचनाची आवड असलेला शिक्षक एखाद्या वाडीवर येतो, चार ठिकाणांहून पुस्तके मिळवितो, शाळेच्या कपाटात ती लावतो आणि संध्याकाळी गावकऱ्यांना वाचावयास देऊ लागतो. दोन-तीन वर्षे सर्व सुरळीत चालते. पुढे त्या शिक्षकाची बदली होते. कपाटाची किल्ली चार्जयादीबरोबर नव्या शिक्षकाच्या हाती येते. पुस्तके डेडस्टॉक नोंदवहीत चढलेली असतात. एखादे हरवले तर जबाब आपणांस द्यावा लागेल, ही भीती त्याच्या मनात असते. तीत गैर असे काही नाही. परंतु तिच्यामुळे कपाट बंद राहते, आणि वाचनालय कोणी बंद केल्यावाचूनच बंद पडते.

ह्यावर उपाय असा की, वाडीच्या वाचनालयाचा चालक शिक्षक नसावा. तो वाडीतच कायम राहणारा, स्वतः वाचणारा आणि शेजारपाजार ओळखणारा असा कोणी असावा. सेवानिवृत्त टपालवाला, शिवणकाम करणारी एखादी गृहिणी, किराणा दुकानातील वाचनवेडा तरुण, ह्यांपैकी कोणीही चालेल. त्याला ग्रंथालयशास्त्राची पदवी लागत नाही. कोणत्या घरात कोणाला वाचता येते, कोणाची दृष्टी मंद झाली आहे, कोणाची मुलगी सासरहून परत आली आहे आणि दुपारी एकटी असते, एवढे त्याला ठाऊक असले म्हणजे मोठ्या ग्रंथालयाला न मिळणारी माहिती त्याच्याजवळ आहे. शिक्षकाचे काम असा माणूस शोधण्याचे आणि त्याची घडी बसवून देण्याचे आहे.

महाराष्ट्राला आणि शेजारच्या प्रांतांना ही कल्पना नवी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 साली स्थापन झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभारावयास आरंभ केला, आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठविण्याची व्यवस्था केली. त्या पेटीचे तत्त्व आजही उपयोगी आहे. पुस्तके थोडी असावीत, पण ती एका जागी बसू नयेत.

उदाहरणादाखल साठ घरांची एक वाडी डोळ्यांसमोर आणावी. तेथील एका गृहिणीच्या पडवीत वाचनालय सुरू करावयाचे आहे. साठांपैकी पंचवीस घरे सभासद होतील आणि आरंभी शंभर पुस्तके असतील, असे धरावे. शंभरांपैकी चाळीस विकत घ्यावीत आणि साठ देणगीने मिळवावीत. देणगीच्या पुस्तकांत जुनी पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि कालबाह्य अहवाल फार येतात. ती नाकारणे जड जाते. म्हणून पुस्तक हातात घेऊन एकच प्रश्न विचारावा : ‘हे पुस्तक कोणत्या घरी जाईल?’ डोळ्यांपुढे एकही घर येत नसेल तर ते पुस्तक, कितीही मोठ्या लेखकाचे असले तरी, ह्या पडवीत ठेवू नये. वाचली न जाणारी साठ पुस्तके वाचली जाणाऱ्या चाळिसांना झाकून टाकतात. नवा सभासद फळीपुढे उभा राहतो, पाच-सहा पुस्तके चाळतो आणि ‘आपल्याजोगे काही नाही’ असे समजून परत जातो.

आता देवघेवीची नोंद. पुष्कळ ठिकाणी एक वही ठेवतात आणि तिच्यात तारखेप्रमाणे ओळीखाली ओळ लिहितात. पहिल्या महिन्यात ही वही ठीक वाटते. तिसऱ्या महिन्यात ‘अमुक पुस्तक कोणाकडे आहे?’ ह्या साध्या प्रश्नासाठी दहा पाने उलटावी लागतात. नीना ब्राउन नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी 1895 साली ह्यासाठी एक पद्धत काढली. ती आजही ह्याच कामाला सर्वांत सोपी आहे, आणि तिला वीज किंवा यंत्र लागत नाही.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या आवरणाच्या आतील बाजूस जाड कागदाचा एक खिसा चिकटवावा. त्यात एक लहान कार्ड ठेवावे. कार्डाच्या डोक्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक व नाव लिहावे आणि खाली रकाने आखावेत. प्रत्येक सभासद घरासाठी एक लहान पाकीट करावे. त्यावर सभासदाचा क्रमांक व नाव असावे. ही पाकिटे चालकाजवळच राहतात. पुस्तक देताना त्यातील कार्ड काढावे, त्यावर सभासदाचा क्रमांक व आजची तारीख लिहावी आणि ते कार्ड त्या सभासदाच्या पाकिटात घालावे. पाकीट एका लांबट खोक्यात, पुस्तक परत येण्याच्या तारखेच्या पुठ्ठ्यामागे उभे ठेवावे. तीच परतीची तारीख पुस्तकातील कागदाच्या पट्टीवर लिहावी, म्हणजे वाचणाऱ्याच्याही ती डोळ्यांसमोर राहते. पुस्तक परत आले की कार्डावर परतीची तारीख घालून ते पुस्तकाच्या खिशात जाते आणि पाकीट रिकामे होते.

ह्या पद्धतीचा लाभ असा की, खोक्याकडे एक दृष्टी टाकली म्हणजे कोणती पुस्तके बाहेर आहेत, कोणाकडे आहेत आणि कोणाची मुदत संपली, हे कळते. ब्राउनबाईंच्या मूळ पद्धतीत पुस्तक परत आल्यावर ते कोणी नेले होते ह्याची आठवण उरत नाही. म्हणून कार्डावर क्रमांक व दोन्ही तारखा लिहिण्याची जोड येथे दिली आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे, लहान वाचनालयाचे सारे शहाणपण ह्या दोन तारखांत साठते. एक मर्यादा मात्र पाळावी : कार्डावर क्रमांकच लिहावा, नाव लिहू नये. कोणी काय वाचले ही त्या घराची खाजगी गोष्ट आहे. पडवीत बसलेल्या चौघांच्या चर्चेचा तो विषय होऊ नये.

मुदत किती असावी, हेही हिशेबाने पाहावे. पंचवीस घरे, प्रत्येकाकडे एका वेळी एक पुस्तक आणि मुदत पंधरा दिवसांची. वर्षाचे असे चोवीस फेरे होतात. पंचवीस गुणिले चोवीस म्हणजे सहाशे वेळा पुस्तक दिले जाते, आणि शंभर पुस्तकांपैकी प्रत्येक सरासरीने सहा घरी जाऊन येते. आता हीच पुस्तके, हीच घरे. पण प्रत्येकाने पुस्तक दीड महिना ठेवले, तर फेरे आठच होतात आणि सहाशेंचे दोनशे उरतात. पैसा तोच खर्च झाला, पुस्तके तीच, परंतु वाचन एक-तृतीयांश झाले. उशीर हा सभासदाचा गुन्हा समजू नये. पण ते पुस्तक ज्याच्या हाती जावयाचे होते त्याचे वाचन उशिरामुळे बुडते, हे चालकाने मनात ठेवावे. पेरणी व सुगीच्या दिवसांत मात्र मुदत आपण होऊन महिन्याची करावी. त्या काळात पंधरा दिवसांचा आग्रह धरला, तर पुस्तक लवकर येत नाही. सभासद तेवढा तुटतो.

पैशाचा हिशेब तितकाच साधा ठेवता येतो. महिना वीस रुपये वर्गणी आणि शंभर रुपये अनामत धरावी. पंचवीसांपैकी पाच घरांना वर्गणी झेपणार नाही. ती माफ करावी. वीस घरांची वर्गणी महिन्याला चारशे, वर्षाला चार हजार आठशे होते. त्यातून बांधणी, कागद व खळ ह्यांसाठी आठशे काढले तर चार हजार उरतात. सरासरी दोनशे रुपये किंमत धरल्यास वीस नवी पुस्तके येतात. अनामतीचे दोन हजार टपालकचेरीच्या बचत खात्यात वेगळे ठेवावेत आणि कोणत्याही मोहाने खर्चू नयेत. अनामत सभासदाची असते, वाचनालयाची नव्हे. ती पुस्तकांत गुंतविली आणि पुढे तीन सभासदांनी एकाच महिन्यात परत मागितली, म्हणजे चालकाला तोंड चुकवावे लागते. अशा वेळी गेलेला विश्वास पुन्हा मिळत नाही. वर्गणीमाफीची पाच पाकिटे इतर वीस पाकिटांसारखीच दिसली पाहिजेत. रंग वेगळा नको, खूणही नको. माफीची नोंद चालकाच्या वहीत असावी, आणि ती चालकानेच पाहावी.

आता कार्डावरच्या तारखा वाचावयाच्या कशा ते पाहू जाता दोन पाकिटांची हकिगत पुरेशी होईल.

पहिले पाकीट एका मध्यमवयीन शेतकऱ्याचे आहे. सातवीपर्यंत शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा. त्याने पहिल्या दिवशी फळीवरची सर्वांत जाड ऐतिहासिक कादंबरी नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. दुसरी नेली, तीही चौथ्या दिवशी परत आली. केवळ तारखा पाहिल्या तर हा अधाशी वाचक वाटेल. तीन दिवसांत जाड पुस्तक परत येण्याचे अर्थ दोन : ते एका बैठकीत संपले, किंवा ते उघडलेच गेले नाही. ‘पुस्तक आवडले का?’ ह्या प्रश्नाने हा भेद कळत नाही, कारण त्यावर सर्वजण ‘हो’ म्हणतात. चालकाने ‘कोठपर्यंत सरळ गेले आणि कोठे अडले?’ असे विचारावे. शेतकऱ्याने उत्तर दिले की, पंधराव्या पानापर्यंत नावेच पुष्कळ आली आणि रात्री वाचलेले सकाळी आठवेना. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात जे पुरे होते तेच तो वाचू शकतो.

चालक बाईंनी त्याला व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसे’ दिले. त्यात एकेका माणसाचे चित्र एका बैठकीत संपते, आणि भाषा व माती ओळखीची आहे. ते पुस्तक बाराव्या दिवशी परत आले. पाकिटातील हा बारावा दिवस फार मोलाचा आहे. पुस्तक रोज थोडे थोडे वाचले गेले, असे तो सांगतो. त्यानंतर त्याच लेखकाची ‘बनगरवाडी’ दिली. ती कादंबरी आहे, पण लहान आहे, आणि त्याच मुलखातली आहे. ती चौदाव्या दिवशी आली. त्यापुढे त्या माणसाने स्वतःच मोठी कादंबरी मागितली. ह्या पायऱ्या कोणत्याही छापील यादीत तयार मिळत नाहीत. चालकाने दोन्ही पुस्तके स्वतः वाचलेली होती आणि त्या माणसाचा दिवस कसा जातो हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्या सुचल्या. वाचणारा चालक का हवा, ह्याचे कारण हेच आहे.

दुसरे पाकीट एका वर्गणीमाफ घराचे आहे. त्या घरची सून नेमाने पुस्तके नेत असे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिने नेली आणि ती परत येईना. पंधरा दिवस झाले, महिना झाला, दोन महिने झाले. ती पडवीवरून जाणेही टाळू लागली. अशा वेळी पोराबरोबर ‘पुस्तक धाडून द्या’ असा निरोप पाठविण्याची चाल आहे. त्या निरोपाने बहुधा पुस्तक येत नाही, आणि सभासद कायमचा जातो. नेमाने वाचणारी व्यक्ती एकाएकी थांबते तेव्हा कंटाळा हे कारण क्वचित असते. पुस्तक हरवले, फाटले किंवा भिजले, आणि भरपाई कशी करावी ह्या काळजीने तोंड दाखविणे अवघड झाले, हेच कारण पुष्कळदा निघते. येथे अनामतही नव्हती, म्हणून ती काळजी दुप्पट होती.

चालक बाई स्वतः त्या घरी गेल्या. पुस्तकाचे नाव न काढता त्यांनी गोष्टी केल्या, आणि निघताना ‘ह्या पावसात माझ्याच घरची तीन पुस्तके भिजली, ती सुकवीत बसले आहे’ एवढेच बोलल्या. तेव्हा सुनेने फळीवरून पुस्तक काढले. कौलातून गळालेल्या पाण्याने ते भिजले होते, आणि चुलीजवळ सुकविल्यामुळे पाने फुगून एकमेकांस चिकटली होती.

भिजलेले पुस्तक ऊन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नये. ते हलक्या हाताने दाबून पाणी निथळू द्यावे. दर दहा-पंधरा पानांमध्ये कोरा, पाणी शोषणारा कागद घालावा. छापील वर्तमानपत्र वापरल्यास त्याची शाई पानांवर उतरते. हे कागद दर तीन-चार तासांनी बदलावेत, आणि पुस्तक वाऱ्यावर, सावलीत ठेवावे. ओल जवळजवळ गेली म्हणजे दोन फळ्यांमध्ये घालून वर वजन ठेवावे. दोन दिवसांच्या आत हे केले नाही तर बुरशी धरू लागते. बुरशीचा वास व ठिपके दिसल्यास ते पुस्तक प्रथम इतरांपासून दूर ठेवावे. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. त्यात अक्षरे जातात. ह्या पुस्तकाची काही पाने गेली, परंतु उरलेले बांधून घेता आले. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाला पुस्तकाबरोबर प्लॅस्टिकची एक पिशवी द्यावी, असा नियम त्या दिवसापासून झाला.

त्याबरोबर दुसराही नियम झाला. भिजलेले किंवा फाटलेले पुस्तक आठ दिवसांत आणून दाखविल्यास वर्षातून एकदा भरपाई घेतली जाणार नाही. लपविल्यास घेतली जाईल. दंडाच्या नियमात एक दोष असतो. दिवसाला एक रुपया दंड ठेवला, तर वेळेवर आणणाऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि उशीर झालेल्यावर रोज एक रुपया चढत जाऊन पुस्तक परत आणणे रोज अधिक कठीण होते. ज्याला दंड परवडतो तो पुस्तक निःशंकपणे ठेवून घेतो. म्हणून लहान वाचनालयाने दंडाऐवजी ‘पहिले परत आल्यावर दुसरे मिळेल’ एवढाच नियम पाळावा, आणि तो सर्वांना सारखा लावावा. गावच्या प्रतिष्ठित माणसाला एकदा सूट दिली की नियम संपला, हे सांगणे नको.

आणखी एक बिघाड असा की, गाजलेले पुस्तक पडवीत परत न येता घरोघर परस्पर फिरू लागते. कार्ड एकाच पाकिटात महिनाभर दिसते, पण विहिरीवर त्या पुस्तकाविषयी चौघीजणी बोलत असतात. चालकाने रागावू नये. वाचनालयाची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढल्याचे ते लक्षण आहे. त्या पुस्तकासाठी मागणीची चिठ्ठी सुरू करावी. जो मागेल त्याचा क्रमांक चिठ्ठीवर घालून ती पुस्तकाच्या कार्डास लावावी, आणि परत येताच ते चिठ्ठीच्या क्रमाने द्यावे. चिठ्ठीवर पाचांहून अधिक क्रमांक चढले, तर दुसरी प्रत घ्यावी. नव्या वीस पुस्तकांची निवडही ह्या चिठ्ठ्यांवरून आणि कार्डांवरून करावी. उलट, ज्या कार्डावर वर्षभर एकही तारीख पडली नाही ते पुस्तक बाजूस काढून शेजारच्या वाडीच्या वाचनालयाशी अदलाबदल करावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पुस्तकांच्या पेट्या अशाच वाचकांच्या गटांमध्ये फिरवितो. दोन वाड्यांनी पंचवीस-पंचवीस पुस्तके चार महिन्यांसाठी बदलली, तर खर्चावाचून फळी नवी होते. ती पुस्तके यादी करून, दोन्ही चालकांच्या सह्यांनी द्यावीत-घ्यावीत.

ह्या व्यवस्थेच्या मर्यादाही आहेत. पंचवीस-तीस घरांपर्यंत चालकाची ओळख पुरते. शंभर घरे झाली की तीच पडवी अपुरी पडते. त्या वेळी रीतसर कार्यकारी मंडळ, घटना व नोंदणी करून महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 खाली मान्यतेसाठी प्रयत्न करता येतो. त्यासाठी पुस्तकांची दाखल नोंदवही पहिल्या दिवसापासून नीट असावी. क्रमांक, दिनांक, लेखक, नाव, किंमत आणि पुस्तक कोठून मिळाले, एवढे सहा रकाने पुरेत. हे काम मात्र शिक्षकाने चालकास हाताशी धरून शिकवावे, कारण नोंदवही ठेवण्याची सवय शिक्षकास असते आणि चालकास बहुधा नसते.

ह्यापलीकडे शिक्षकाने त्या पडवीत सभासद म्हणूनच जावे. त्याचेही एक पाकीट असावे, त्यानेही वर्गणी द्यावी आणि त्याच्यासाठीही पंधरा दिवसांची मुदत असावी. शाळेची किल्ली आणि पडवीची किल्ली एकाच जुडग्यात असू नये. पुढे त्याची बदली होईल तेव्हा तो आपले पुस्तक परत करील, अनामत घेईल, आणि त्याच्या पाकिटातील कार्ड पुस्तकाच्या खिशात जाईल. ते पुस्तक त्याच संध्याकाळी चिठ्ठीवरच्या पुढच्या घरी गेले, तर वाचनालयाची घडी बसली असे समजावे.